पहिला महिना बारा महिन्यांत धरू नकोस

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. दोन महिन्यांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाते आहे. आजवर घर सोडून चार दिवसांपेक्षा जास्त कुठे राहिलेले नाही. माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी अशीच गेली आणि तीन आठवड्यांत परत आली, त्यामुळे आईने धसका घेतला आहे. मी तिला कबूल केलं आहे की रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल करीन. वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका खात्यात भरले आहेत, तिथे पोचल्यावर ते दरमहा समान हप्त्यांनी मिळतील. पैशांची बाजू म्हणजे तशी पक्की आहे. तरी पहिला महिना अगदी हात आखडून राहायचं आणि लगेच पार्टटाइम काम बघायचं असं ठरवलं आहे. भीती एकच वाटते. घरची आठवण सहन झाली नाही तर? तेव्हा निर्णयच चुकला असं समजून परत यायचं का?

उत्तर : पैशांची बाजू पक्की आणि मनाची कच्ची, असा हिशेब तू मांडला आहेस. मला तो उलटा दिसतो. मनाची बाजू तुला वाटते तितकी कच्ची नाही, आणि पैशांची मात्र एका ठिकाणी चांगलीच उघडी आहे. शिवाय पहिल्या महिन्यात या दोन्ही बाजू एकमेकींत इतक्या गुंततात की रडू नेमकं कशाचं येतंय, हे रडणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून आधी पैशांचं बोलू.

दरमहा समान हप्ता हे ऐकायला छान वाटतं, पण पहिला महिना बाकीच्या अकरांसारखा नसतोच. आकडे मांडून बघू. चलन कुठलंही धर. महिन्याचा हप्ता १,००० आहे आणि खोलीचं भाडं ४५०. आता पहिल्या महिन्यात काय काय होतं बघ. पक्की खोली ताब्यात येईपर्यंत दहा दिवस कुठेतरी तात्पुरतं राहावं लागतं, त्याचे ३५०. खोली मिळाली की दोन महिन्यांचं डिपॉझिट, ९००. पहिलं भाडं ४५०. अंथरूण-पांघरूण, भांडी, दिवा, एखादं जाड जॅकेट मिळून २००. विद्यापीठाचं सत्रशुल्क, विमा, राहण्याच्या परवान्याची फी असं सरकारी-निमसरकारी २५०. प्रवासाचा पास ६०, खाणं २५०, फोन २०. बेरीज कर : २,४८०. म्हणजे जवळपास अडीच हप्ते एका महिन्यात. आणि यात उधळपट्टी एका पैशाची नाही.

डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण खोली सोडताना. तोवर ते असून नसल्यासारखं.

दुसऱ्या महिन्यापासून खर्च ७८० वर येतो, हप्त्यातले २२० उरायला लागतात. पहिल्या महिन्याचा खड्डा आहे १,४८० चा. तो या उरलेल्या पैशांतून भरायला जवळजवळ सात महिने लागतात. हे गणित जायच्या आधी घरच्यांसोबत बसून कागदावर कर. नाहीतर पहिल्याच महिन्यात 'इतके पैसे गेले कुठे?' हा प्रश्न फोनवर येतो, तू उत्तर द्यायला लागतेस आणि अर्ध्या वाक्यात आवाज फुटतो. आकडे तुझ्या शहराप्रमाणे बदलतील, प्रमाण फारसं बदलत नाही. अडीच ते तीन हप्त्यांइतकी रक्कम त्या हप्त्यांच्या खात्याबाहेर, हाताशी हवी.

'हाताशी' या शब्दावर माझा जोर आहे, कारण दुसरी अडचण तिथे आहे. ते हप्ते सुरू कधी होणार? जर्मनीचं उदाहरण घेते, कारण तिथली साखळी फार स्वच्छ दिसते. तिथे विद्यार्थ्याचे वर्षभराचे पैसे 'श्पेअरकोंटो' नावाच्या गोठवलेल्या खात्यात असतात आणि महिन्याला ठरावीक रक्कमच सुटते. ती यायला तुझ्या नावावर चालू खातं लागतं. खातं उघडायला गेलीस की पुष्कळ बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असा कायदा आहे, पण त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं की ही मुलगी खरोखर इथे राहते. (त्या पत्राचं जर्मन नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालतं, कागद जमला पाहिजे.) तात्पुरत्या राहण्याच्या जागा हे पत्र बहुतेकदा देत नाहीत. म्हणजे पक्की खोली नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि खातं नाही तर स्वतःचेच पैसे काचेपलीकडे. खोलीसाठी डिपॉझिट मात्र आजच हवं.

प्रत्येक देशात या साखळीच्या कड्या वेगळ्या असतात, पण साखळी असतेच. म्हणून तू जिथे जाते आहेस तिथली साखळी आत्ताच, घरी बसून, उलट्या क्रमाने लिहून काढ. पहिला हप्ता हातात पडायला काय लागतं? ते मिळायला काय लागतं? असं मागे मागे जात पहिल्या दिवसापर्यंत ये. जी कडी विमानतळावर उतरायच्या आधी जोडता येईल ती आधीच जोड. काही बँकांमध्ये खात्याचा अर्ज आधी करता येतो. विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग बँकेसाठी पत्र देतो का, हे ई-मेलने विचारता येतं. तात्पुरती जागा घेताना एकच प्रश्न विचार, 'या पत्त्यावर माझी नोंदणी करायला तुम्ही सही कराल का?' उत्तर 'हो' असेल तर ती जागा थोडी महाग असली तरी घे. वाचलेले दोन आठवडे त्या फरकापेक्षा किमती असतात.

पक्की खोली मात्र न बघता पैसे भरून घेऊ नकोस. फसवणुकीचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. फोटो देखणे, भाडं आजूबाजूपेक्षा कमी, मालक 'सध्या दुसऱ्या देशात', म्हणून खोली दाखवता येत नाही, पण डिपॉझिट पाठवलंस की किल्ली टपालाने येईल. ती किल्ली येत नाही. विद्यापीठाचं वसतिगृह मिळत असेल तर पहिलं सत्र तिथे काढ. ते नाही मिळालं तर दहा-पंधरा दिवस तात्पुरतं राहून स्वतः खोली बघ. अगदीच आधी ठरवावं लागलं तर तिथे असलेल्या कोणाला तरी आत पाठव आणि व्हिडिओवर नळ सोडायला, खिडकी उघडायला लाव. खोली खोटी असेल तर मालक इथेच सबबी सांगू लागतो.

पैसे दोन वाटांनी पोचतील अशी सोय ठेव. दोन वेगवेगळी कार्डं, एक पाकिटात, एक सामानात, आणि पहिल्या आठवड्यापुरती थोडी रोकड. कार्ड मशीनने 'तुमच्या घरच्या चलनात रक्कम दाखवू का?' असं विचारलं तर नाही म्हण आणि तिथल्या चलनातच पैसे दे. घरच्या चलनाचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर बहुतेकदा महाग पडतो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे घरचं सिम. तुझ्या घरच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. ते सिम काढून टाकलंस, किंवा परदेशात त्यावर मेसेज येत नसले, तर खात्यात पैसे असूनही व्यवहार अडतो. निघण्याआधी रोमिंगवर मेसेज येण्याची सोय करून घे आणि तिथे पोचल्याच्या दिवशी एक छोटा व्यवहार करून बघ. डिपॉझिट भरायच्या दिवशी शोध लागायला नको.

आता टपालपेटीची गोष्ट. मी शिकायला गेले तेव्हा खात्याचा पिन पत्राने येणार होता. दहा दिवस झाले, पंधरा झाले. बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, पाठवलं होतं, परत आलं. मी रोज जिन्याखालच्या पेट्यांमध्ये डोकावत होते, खोली क्रमांकही बरोबर होता. चूक अशी होती की तिथे पत्रं क्रमांकावर येत नसत, पेटीवरच्या नावावर येत. पेटीवर माझ्या आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. टपालवाल्याच्या दृष्टीने मी त्या इमारतीत राहतच नव्हते. त्या संध्याकाळी वहीच्या कागदाची पट्टी कापून नाव लिहिलं, चिकटवलं आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले. तेव्हा मला वाटलं, मला घरची आठवण येते आहे.

आठवण येतच होती गं. पण त्या पंधरवड्यात मी दोन कार्डांपैकी एकावर, तेही संपत आलेलं, दिवस काढत होते, नीट झोपले नव्हते आणि वर्गातल्या कोणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. या सगळ्याला मी एकच नाव दिलं होतं. तू हे करू नकोस. रडू आलं की आधी बघ, झोप किती झाली, पोटात काय आहे, कुठलं काम अडलं आहे. अडलेलं काम निघालं तर ते रडण्याने नाही, नावाच्या पट्टीने सुटतं.

झोपेचं वेगळं सांगायला हवं. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास इतकंच सरकतं. पश्चिमेकडे गेलीस तर पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येईल. बाहेर अंधार, खोली परकी, आणि घरी मात्र सगळे जागे. फोन उचलला की घरच्या ग्रुपवर गडबड चाललेली दिसते. याच वेळी कॉल लावला जातो, आणि तो रडण्यातच संपतो. पूर्वेकडे गेलीस तर उलट, रात्री उशिरापर्यंत डोळा लागणार नाही. दोन्हीकडे उपाय सारखाच : त्या वेळी फोन हाताच्या अंतरावर नको, आणि दिवसा उजेडात चालणं हवं.

यावरून तुझ्या रोजच्या दोन कॉलांकडे येते. आईला शब्द देताना तुला वाटलं असेल की यामुळे आठवण कमी येईल. सकाळचा कॉल तुझा दिवस सुरू होण्याआधीच तुला मनाने घरी नेऊन बसवतो. संध्याकाळचा कॉल नेमक्या त्या वेळी येतो जेव्हा वर्गातली मुलं 'येतेस का?' विचारत असतात. 'नाही, घरून फोन यायचा आहे' असं तीनदा झालं की चौथ्यांदा कोणी विचारत नाही. महिन्याअखेर तुझ्याजवळ साठ कॉल असतात आणि ओळखीचं माणूस एकही नसतं. मी तर म्हणेन, पहिला आठवडा रोज एक छोटा कॉल, त्यानंतर आठवड्यातले दोन वार ठरव. मधल्या दिवशी एखादा फोटो, एखादा आवाजी निरोप. 'पोचले, जेवले, बरी आहे' एवढं आईला रोज कळलं पाहिजे, त्यात दुमत नाही. त्यासाठी तासभर कॅमेऱ्यासमोर बसायला लागत नाही.

बरं, ही आठवण म्हणजे तुझ्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे योहानेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकाच्या प्रबंधात या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. घरी परतणं आणि वेदना अशा दोन ग्रीक शब्दांतून ते घडवलं. त्याने सांगितलेल्या रुग्णांत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. तो इतका खंगला की लोकांनी आशा सोडली, आणि घरी न्यायला निघाले तशी वाटेतच त्याला हुशारी वाटू लागली. बर्न आणि बाझेल यांच्यामधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही. अंतराचा आणि दुखण्याचा संबंध किती कमी आहे बघ.

तुला कोणीतरी सांगेल की आधी काही आठवडे सगळं छान वाटतं, मग मन खाली जातं, मग सावरतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अशी इंग्रजी यू अक्षरासारखी रेघ मांडली आणि ती तेव्हापासून सगळीकडे सांगितली जाते. पण पुढे परदेशी विद्यार्थ्यांच्या मागे महिनोन्महिने राहून केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. १९९८ च्या अशा एका अभ्यासात त्रास सर्वांत जास्त पोचल्या पोचल्या होता आणि पुढे कमी होत गेला. तुझ्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पहिल्या आठवड्यात आनंदाऐवजी उबग आला तर 'माझंच काहीतरी बिघडलंय' असं समजायचं कारण नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात घेतलेला परतीचा निर्णय हा बहुतेक सर्वांत वाईट दिवसांत घेतलेला असतो.

तुझ्या मैत्रिणीचं काय झालं ते मला माहीत नाही, तिच्यावर बोलणार नाही. परत येणं हा गुन्हा नाही. पण त्याची तारीख तू निघण्याआधी ठरव. आठ आठवड्यांपर्यंत हा प्रश्न उघडायचाच नाही, आठव्या आठवड्यात आईबाबांसोबत बसून शांतपणे बोलायचं. मात्र त्याआधी विद्यापीठाच्या नियमांत प्रवेश रद्द करून फी परत मिळण्याची शेवटची तारीख शोध. कधी ती पहिल्या काही आठवड्यांतच असते. ती आठ आठवड्यांच्या आत येत असेल तर बोलण्याचा दिवस तिच्या दोन-तीन दिवस आधी ठेव. हे कागदावर असलं की पहाटे तीनला त्यावर विचार करत बसावं लागत नाही.

याला एक अपवाद आहे. सलग दोन आठवडे खाणं सुटलं, झोप उडाली, वर्गाला जाणं थांबलं, किंवा जगणं नको असे विचार आले, तर ते नुसती आठवण म्हणून अंगावर काढायचं नाही. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतो, बऱ्याच ठिकाणी विनामूल्य. दोन आठवडे होण्याची वाटही बघायला नको, आणि शेवटचं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. त्यांचा नंबर निघतानाच फोनमध्ये साठव.

आता 'हात आखडून' राहण्याबद्दल. काटकसर कर, पण कुठे करायची ते नीट बघ. भांडी जुनी घे, सायकल जुनी घे, अभ्यासाची पुस्तकं ग्रंथालयातून आण. जे पैसे माणसांपाशी नेतात तिथे मात्र आखडू नकोस. प्रवासाचा पास, विद्यार्थी मंडळाची वर्गणी, वर्गातल्या मुलांबरोबरची एखादी कॉफी. मी वर मांडलेल्या हिशेबात दुसऱ्या महिन्यापासून २२० उरतात. त्यातले ५० बाजूला काढ आणि त्यांना 'लोकांचे पैसे' म्हण. खड्डा सात महिन्यांऐवजी नऊ महिन्यांत भरेल. चालेल. पहिल्या महिन्यात प्रत्येक वस्तूची किंमत घरच्या चलनात बदलून बघायची खोड लागते आणि दुकानात उभं राहून माणूस रिकाम्या हाताने परत येतं. दोन आठवडे ते कर, अंदाज यायला मदत होते. त्यानंतर आठवड्याची एक रक्कम ठरव आणि त्या रकमेशी तुलना कर, घरच्या चलनाशी नको. महिन्याचं गणित लांब पडतं, शेवटच्या आठवड्यात हाती काही उरत नाही. आठवड्याचं चुकलं तरी सात दिवसांत दुरुस्त होतं.

पार्टटाइम काम पहिल्या महिन्यात नको. एक तर ते लगेच करता येतंच असं नाही. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच आणि तेही सुरुवातीला विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. बाकी देशांचे नियम वेगळे आहेत, पण मर्यादा बहुतेक ठिकाणी आहे आणि ती मोडली तर व्हिसावर येतं. दुसरं म्हणजे साखळीतली कामं, नोंदणी, बँक, विमा, परवाना, ही सगळी कचेऱ्यांच्या वेळात करायची असतात. तुझे मोकळे तास पहिल्या महिन्यात तिथे जाणार आहेत. म्हणून तर तो खड्ड्याचा हिशेब आधीच मांडायचा. सात-नऊ महिन्यांत भरतोय हे दिसलं की पहिल्याच आठवड्यात घाबरून मिळेल ते काम धरावं लागत नाही.

निघायच्या आधी एका संध्याकाळी आईजवळ बस. तिला ती उलटी लिहिलेली साखळी दाखव, २,४८० ची बेरीज दाखव, आठव्या आठवड्यातली तारीख दाखव. आणि फोनवर तू रडलीस तर तिने लगेच 'ये परत' म्हणायचं नाही, आधी 'आज काय अडलं?' एवढंच विचारायचं, हे तिच्याकडून कबूल करून घे. बदल्यात कॉलचे दोन वार कुठले, ते तिला ठरवू दे.